मार्कोव असमानता

कधीही ऋण नसणारी एखादी राशी आपल्या सरासरीच्या k पट किंवा त्याहून मोठी असण्याची संभाव्यता १/k पेक्षा जास्त असू शकत नाही, असे सांगणारा संभाव्यताशास्त्रातील नियम. सूत्ररूपात, P म्हणजे संभाव्यता आणि E[X] म्हणजे X या राशीची सरासरी धरून:

P(X ≥ a) ≤ E[X] / a, जेथे X ≥ 0 आणि a > 0

रशियन गणिती आंद्रे मार्कोव (१८५६–१९२२) यांचे नाव त्याला मिळाले असले, तरी त्यांचे गुरू चेबिशेव यांच्या लेखनात तो आधीच आढळतो.

नवी मुंबईतील खारघरची २०० घरांची एक सोसायटी कल्पू. दर घराला पाण्याचे मीटर आहे आणि रोजचा सरासरी वापर ६०० लिटर, म्हणजे एकूण १,२०,००० लिटर. रोज १८०० लिटर किंवा जास्त वापरणारी घरे किती असतील? तिप्पट, म्हणून फार तर एक तृतीयांश: ६६. अशी ६७ घरे मानली, तर त्यांचाच वापर किमान १,२०,६०० लिटर होतो, म्हणजे एकूण वापराहूनही जास्त. उरलेली घरे पाणी ‘परत देऊन’ हा हिशेब जुळवू शकत नाहीत, आणि सिद्धतेचा सगळा भार याच गोष्टीवर आहे.

वापर घराघरांत कसा वाटला गेला आहे हे विचारलेच नसल्याने उत्तर बहुधा फारच सैल येते. प्रत्यक्षात अशी घरे दोन-तीनच असू शकतील, किंवा एकही नसेल. दर घर निदान ३०० लिटर वापरते एवढे जरी कळले, तरी ते ३०० सगळीकडून वजा करून नियम लावता येतो: (६०० − ३००) / (१८०० − ३००) = १/५, म्हणजे फार तर ४० घरे. ४० घरांनी नेमके १८०० आणि १६० घरांनी नेमके ३०० लिटर वापरले, तर एकूण बरोबर १,२०,००० भरते. तेव्हा एवढ्याच माहितीवर ही मर्यादा आणखी खाली आणता येणार नाही.

ऋण किंमत शिरली की मात्र नियम कोसळतो. त्याच सोसायटीच्या मेंटेनन्सच्या वहीत १०० घरांकडे प्रत्येकी ७००० रुपये थकबाकी आहे आणि १०० घरांनी प्रत्येकी ५००० रुपये आगाऊ भरले आहेत असे धरू. आगाऊ रक्कम वजा चिन्हाने मांडली, तर सरासरी येणे फक्त १००० रुपये. त्यावरून ७००० किंवा जास्त थकबाकीदार फार तर २८ असे निघते, प्रत्यक्षात आहेत १००! येथे आगाऊ भरणाऱ्यांची थकबाकी शून्य धरून सरासरी नव्याने काढावी. ती ३५०० रुपये येते, आणि ३५०० / ७००० = १/२ म्हणजे बरोबर १०० घरे.