लोकवर्णनात्मक वर्गनिरीक्षण

शाळेच्या वर्गात काही महिने नियमित बसून तेथील रोजचा व्यवहार शिक्षक आणि मुलांच्या दृष्टीने समजून घेण्याची ही पद्धत मानवशास्त्रातून शिक्षण-संशोधनात आली. तपासणीसारखे गुण देणे हा तिचा हेतू नसतो. काय घडले आणि ते घडवणाऱ्यांना त्याचा काय अर्थ वाटला, हे टिपणे हा असतो.

वर्गात सविस्तर लिहिणे शक्य नसते, म्हणून निरीक्षक छोट्या वहीत वेळेसह त्रोटक खुणा करतो. उदाहरणादाखल, चौथीच्या गणिताच्या तासाची कच्ची नोंद अशी असू शकते: ‘१०.४० भागाकार. ‘कोण सांगेल?’ ७ हात. पुन्हा स.च. खिडकीजवळ २ मुली, हाताने वही झाकून.’ यातील ‘स.च.’ ही एका विद्यार्थ्याच्या नावाची आद्याक्षरे. त्याच दिवशी, शक्यतो इतर कोणाशी त्याविषयी बोलण्यापूर्वी, या खुणांवरून पूर्ण टिपण लिहिले जाते. एका तासाच्या निरीक्षणाला लिहिण्याचे दोन-तीन तास सहज लागतात. ‘मुलींना भागाकार येत नव्हता’ हे वाक्य मात्र टिपणाच्या मुख्य भागात बसत नाही, कारण दिसले ते वही झाकणे. ती चुकीच्या भीतीने झाकली, की शेजारणीने उतरवू नये म्हणून, हे अजून ठरायचे असते. असा तर्क समासात, वेगळ्या खुणेने लिहितात आणि पुढच्या दिवसांत पडताळून पाहतात. नवख्या निरीक्षकाच्या वहीत ‘मुले कंटाळली होती’ यासारखी वाक्ये फार, आणि मुलांचे प्रत्यक्ष शब्द थोडे आढळतात.

निरीक्षकाच्या उपस्थितीचा परिणाम ही अधिक अवघड बाब होय. जिल्हा परिषदेच्या शाळेत वही घेऊन मागे बसलेली व्यक्ती बहुधा केंद्रप्रमुखांसारखी तपासणीला आलेली धरली जाते: मुले एकसुरात ‘नमस्ते’ म्हणतात, हुशार मुलालाच पुन्हा पुन्हा उठवले जाते आणि तास संपताच शेरेबुक पुढे येते. म्हणून निरीक्षक शेरा लिहिण्याचे सौजन्याने टाळतो, रोज ठरावीक जागी आणि शक्यतो मुलांच्या उंचीवर बसतो, पहिले काही दिवस वही फारशी उघडत नाही आणि टिपणे मुख्याध्यापकांना दाखवली जाणार नाहीत हे शिक्षकांना आधीच स्पष्ट सांगतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम कोर्सारो यांनी १९७० च्या दशकात बर्कली येथील बालवाडीत आणखी एक पाऊल पुढे टाकले. इतर मोठ्यांप्रमाणे प्रश्न विचारत किंवा सूचना देत न फिरता ते मुलांच्या खेळाच्या जागी जाऊन नुसते बसत आणि मुलांनी आपणहून बोलण्याची वाट पाहत. कालांतराने मुले त्यांना ‘बिग बिल’ म्हणू लागली.

परिणाम ओसरू लागल्याच्या खुणा बारीक असतात. मुलांची मागे वळणारी नजर कमी होते, शिक्षक निरीक्षकाकडे न पाहता रागावतात, आणि मागच्या बाकावरचे मूल त्याच्याकडेच खोडरबर मागते. परिणाम पूर्णपणे मात्र जात नाही, म्हणून निरीक्षक स्वतः कोठे बसला, कोण त्याच्याशी काय बोलले, हेही टिपणात लिहितो. पहिल्या आठवड्याची टिपणेही फेकून द्यायची नसतात: पाहुण्यासमोर बाईंनी कोणता धडा काढला आणि कोणाला उठवले, यावरून चांगला तास म्हणजे काय याविषयीची त्यांची कल्पना कळते.