डी फ्लिप-फ्लॉपमधून टी कसा आला: एक्सायटेशन टेबलची पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबईतल्या डिप्लोमा, इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये 'डीचा टी करा' हा प्रयोग नेमाने येतो. त्यामागे साधं कारण आहे: बाजारात डी (७४७४) आणि जेके (७४७६) सहज मिळतात, पण टीटीएल मालिकेत टीची वेगळी आयसी रुळलीच नाही.

खरं तर टॉगल होणं, म्हणजेच टीचं काम, ही फार जुनी गोष्ट. एक्लिस आणि जॉर्डन यांनी १९१८ मध्ये दोन व्हॉल्व्हच्या ट्रिगर सर्किटचं पेटंट मागितलं. १९३२ मध्ये विन-विल्यम्स यांनी कण मोजण्यासाठी थायरेट्रॉनचा 'दोनाने भागणारा' काउंटर केला. दर पल्सला स्थिती उलटणं हेच त्याचं काम. पुढे आयसीच्या काळात डी सर्वांत सोयीचा ठरला, कारण क्लॉकला जे आत असेल तेच बाहेर येतं. आज एफपीजीएमध्येही मुळात डीच असतो. टॉगल त्याच्यापासून घडवावा लागतो.

इथेच एक्सायटेशन टेबल लागतं. नेहमीचं टेबल इनपुटवरून पुढची स्थिती सांगतं. हे टेबल उलटं विचारतं: आत्ताच्या स्थितीतून पुढच्या स्थितीत जायला इनपुट काय हवं? डीसाठी उत्तर सोपं, डी म्हणजेच पुढचा क्यू. म्हणून टीचं टेबल मांडायचं आणि शेवटी डीचा रकाना जोडायचा:

```
T  Q  Q+  D
0  0  0   0
0  1  1   1
1  0  1   1
1  1  0   0
```

टी आणि क्यू वेगळे असतील तेव्हाच डी १ आहे, म्हणजे `D = T ⊕ Q`. एक एक्सॉर गेट पुरे.

जोडणी अशी: ७४८६ च्या पिन १ ला टी, पिन २ ला ७४७४ च्या पिन ५ वरचा क्यू, आणि पिन ३ वरचं आउटपुट ७४७४ च्या पिन २ ला. क्लॉक पिन ३ वर. दोन्ही आयसींना पिन १४ वर ५ व्होल्ट, पिन ७ ग्राउंड. ७४७४ च्या पिन १ (क्लिअर) आणि ४ (प्रीसेट) हायला बांधा. मोकळ्या सोडल्या तर जवळच्या नॉइजनेही स्थिती मधूनच बदलू शकते. क्यूऐवजी चुकून पिन ६ घेतली, तर टी ० असताना टॉगल होतो आणि १ असताना थांबतो. ही चूक लगेच ओळखू येते.

७४७४ च्या जागी ७४७५ लॅच लावला, तर मात्र गणित बरोबर असूनही सर्किट चालत नाही. एनेबल हाय आहे तोवर बदललेला क्यू एक्सॉरमधून पुन्हा आत येतो आणि क्यू सतत उलटत राहतो. एनेबल खाली येताना तो कुठे थांबेल ते सांगता येत नाही. म्हणून एज-ट्रिगर्डच हवा.

क्लॉकला साधं बटण लावलं की एलईडी कधी बदलतो, कधी नाही. हा बटणाचा बाउन्स: एका दाबात पल्स सम आल्या तर स्थिती जिथल्या तिथे. टी हाय ठेवून फंक्शन जनरेटरचा २ किलोहर्ट्झ टीटीएल पल्स द्या. पिन ५ वर १ किलोहर्ट्झ दिसला, तर जोडणी ठीक आणि दोष बटणाचाच.