कळवली जुनी करप्रणाली, कापला नवीप्रमाणे: टीडीएस दुरुस्त कसा करून घ्यायचा?
(आमच्या पगारदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक, आर्थिक वर्ष २०२५-२६)

तुमचं उत्पन्न फक्त पगाराचं असेल आणि वर्षाचा पगार १२,७५,००० रुपयांपर्यंत असेल, तर हे पत्रक खुशाल बाजूला ठेवा. ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आणि कलम ८७ए ची सवलत धरून नव्या करप्रणालीत तुमचा कर शून्य होतो. त्याहून कमी कर जुन्यातही होणार नाही. पगार त्याच्या वर असेल, घरभाडं आणि गृहकर्ज दोन्ही चालू असेल, तर मात्र पुढे वाचा.

एप्रिलमध्ये पेरोल विभागाकडून मेल येतो: कोणती करप्रणाली हवी ते कळवा. ५ एप्रिल २०२३ च्या परिपत्रकानुसार प्रत्येक कर्मचाऱ्याला हे विचारणं कंपनीचं काम आहे. तुम्ही काहीच कळवलं नाही तर तुम्ही नव्या प्रणालीत आहात असं धरून टीडीएस कापला जातो. घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. मेलला उत्तर दिलेलं असतं, पण पोर्टलवर पर्याय निवडून ‘सबमिट’ करायचं राहून जातं. संगणक मेल वाचत नाही. पोर्टलवर पर्याय रिकामा दिसला की तो नवी प्रणाली लावतो.

हे ओळखायला पगाराची स्लिप पुरत नाही, कारण तिच्यात फक्त कापलेली रक्कम असते. पेरोल पोर्टलवरून कराच्या हिशेबाचा तक्ता डाउनलोड करा आणि प्रमाणित वजावटीची ओळ पाहा. तिथे ५०,००० असेल तर जुनी प्रणाली, ७५,००० असेल तर नवी. दुसरी खूण घरभाडे भत्त्याची. नव्या प्रणालीत त्याची सूट मिळत नाही, त्यामुळे ती ओळ शून्य दिसते किंवा नसतेच.

आता एक उदाहरण. समजा, पुण्यात भाड्याने राहणाऱ्या एका ग्राहकाचा वर्षाचा पगार १६,८०,००० आहे. त्यात मूळ वेतन ८,४०,००० आणि घरभाडे भत्ता ३,३६,०००. भाडं महिन्याला ३२,००० म्हणजे वर्षाला ३,८४,०००. नाशिकच्या घरात आईवडील राहतात आणि त्या घराच्या कर्जाचं व्याज २,००,००० च्या वर जातं.

घरभाड्याची सूट तीन रकमांपैकी सर्वांत लहान रकमेइतकी मिळते: मिळालेला भत्ता (३,३६,०००), मूळ वेतनाचे ४० टक्के (पुण्यासाठी या वर्षी हाच दर, म्हणून पुन्हा ३,३६,०००), आणि भाड्यातून मूळ वेतनाचे १० टक्के वजा करून उरलेली रक्कम (३,००,०००). म्हणून सूट ३,००,०००. त्यात प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, कलम ८०सी चे १,५०,०००, स्वतःच्या आणि ज्येष्ठ आईवडिलांच्या आरोग्य विम्याचे ७५,०००, एनपीएसचे जादा ५०,००० आणि व्याजाचे २,००,००० मिळवले की एकूण ८,२७,५०० वजा होतात. करपात्र उत्पन्न उरलं ८,५२,५००, आणि उपकरासह कर ८६,३२०.

नव्या प्रणालीत वजा होतात फक्त ७५,०००. करपात्र उत्पन्न १६,०५,००० आणि उपकरासह कर १,२५,८४०. फरक ३९,५२० रुपयांचा.

पेरोलने नवी प्रणाली धरली म्हणून दरमहा १०,४८७ रुपये कापले गेले. सप्टेंबरअखेर सहा महिन्यांचे ६२,९२२ झाले. चूक ऑक्टोबरमध्ये लक्षात आली. कापलेले पैसे कंपनीकडे नसतात, ते पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारकडे भरावे लागतात. म्हणून ‘जादा कापलेले परत द्या’ असं लिहिण्यात अर्थ नाही. मागायचं ते कलम १९२(३) प्रमाणे उरलेल्या महिन्यांत समायोजन. वर्षाच्या ८६,३२० मधून ६२,९२२ गेले की राहतात २३,३९८. ते सहा महिन्यांत वाटले की दरमहा सुमारे ३,९०० रुपये. उशीर केलात तर हातात कमी महिने राहतात. जानेवारीचा पगार झाल्यावर या ग्राहकाचे १,०४,८७० कापलेले असतील, म्हणजे वर्षाच्या कराहून जास्त. मग पेरोल फार तर पुढची कपात थांबवू शकेल.

मेल लिहिताना एक शब्द जपून वापरा. ‘मला प्रणाली बदलायची आहे’ असं लिहिलंत तर अनेक कंपन्या थेट नकार देतात, कारण त्यांच्या नियमाप्रमाणे वर्षात एकदाच निवड करता येते. तुम्ही आधीच कळवलेलं असेल तर ही दुरुस्ती आहे, बदल नाही. तारीख आणि पुरावा जोडा. मजकूर साधारण असा:

“विषय: करप्रणालीची नोंद दुरुस्त करून टीडीएसचा सुधारित तक्ता मिळण्याबाबत.
मी १४ एप्रिल रोजीच्या मेलने आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी जुनी करप्रणाली कळवली होती (प्रत जोडली आहे). पोर्टलवरील हिशेबात नवी प्रणाली दिसते आणि सप्टेंबरअखेर ६२,९२२ रुपये कापले गेले आहेत. कृपया नोंद दुरुस्त करावी, सोबतच्या फॉर्म १२बीबी नुसार वर्षाचा कर पुन्हा काढावा आणि ऑक्टोबर ते मार्चसाठी महिनावार कपातीचा सुधारित तक्ता पाठवावा.”

हा मेल त्या महिन्याचा पगार तयार व्हायच्या आत पोचायला हवा. शेवटची तारीख पेरोलला विचारून घ्या. फॉर्म १२बीबी मध्ये वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन लागतो, आणि गृहकर्जासाठी कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव, पत्ता व पॅन. घरमालक पॅन द्यायला का कू करतो, ही तक्रार आमच्याकडे दर जानेवारीला येते. त्याच्याशी आत्ताच बोला, कारण पुरावे दिले नाहीत तर पेरोल ती सूट काढून टाकतं आणि सगळा फरक फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून जातो.

नवा तक्ता आला की एकच बेरीज करा: आतापर्यंत कापलेले अधिक पुढे कापायचे, ही रक्कम वर्षाच्या कराशी जुळायला हवी. आमच्या अनुभवात सर्वाधिक चूक इथेच सापडते. नवा कर बाराने भागून ७,१९३ चा हप्ता लावलेला असतो आणि आधीचा जादा कर तसाच राहतो.

कधी पेरोल दाद देत नाही, किंवा तुम्ही एप्रिलमध्ये खरोखरच काही कळवलेलं नसतं. तरी जुनी प्रणाली हातची जात नाही. कंपनीला कळवणं केवळ टीडीएसपुरतं असतं. खरी निवड तुम्ही विवरणपत्रात करता आणि जादा कर परताव्याने मिळतो. अट एकच, विवरणपत्र मूळ मुदतीत भरलेलं हवं. मुदत चुकली की जुनी प्रणाली निवडता येत नाही, आणि वर्षभर जुन्याप्रमाणे टीडीएस कापून घेतलेल्यालाही नव्या दराने फरक व्याजासकट भरावा लागतो. पगारासोबत व्यवसायाचं उत्पन्न असेल तर जुन्या प्रणालीसाठी त्याच मुदतीत फॉर्म १०-आयईए वेगळा भरावा लागतो. अशा ग्राहकांनी निवड कळवण्याआधी आम्हाला भेटावं.

येताना पोर्टलवरचा कराच्या हिशेबाचा तक्ता, ताजी पगार स्लिप आणि एप्रिलचा मेल घेऊन या.