फोटोत न दिसलेला मार आणि पिनकोडचा हप्ता

गाडी ठोकली की बऱ्याच विमा कंपन्यांचं ॲप आता आधी फोटो मागतं. आपल्याकडे वाहन नुकसानीचा अंदाज ५० हजार रुपयांच्या वर गेला, तर परवानाधारक सर्व्हेअरकडून मूल्यांकन करून घ्यावं लागतं. त्याखालचे क्लेम कंपनी सर्व्हेअरशिवाय निकाली काढू शकते. शहरातल्या बारीकसारीक ठोकरी बहुतेक याच गटात मोडतात, म्हणून फोटो वाचणाऱ्या एआय मॉडेलला तिथे मोठा वाव आहे.

मॉडेल आधी फोटोतले भाग वेगळे करतं: हा बंपर, हा फेंडर, हा दरवाजा. मग प्रत्येक भागावर ओरखडा आहे, पोचा आहे की तडा आणि तो किती पसरलाय हे पाहतं. त्यावरून भाग दुरुस्त करायचा की बदलायचा हे ठरतं, आणि शेवटी सुट्या भागांची किंमत आणि मजुरी धरून रक्कम निघते.

अडीच वर्षं वापरलेली, १२०० सीसीची एक हॅचबॅक घेऊ. सिग्नलला पुढच्या गाडीवर आदळली. बंपर ६,००० रुपयांचा, फेंडर ४,००० चा आणि मजुरी ३,००० असं धरू. जीएसटी आणि रंगाचं सामान हिशेबातून बाजूला ठेवू. नेहमीच्या पॉलिसीत प्लास्टिकवर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे बंपरचे ३,००० मिळतील. या वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर १५ टक्के कापतात, म्हणून फेंडरचे ३,४००. मजुरी धरून ९,४०० झाले. त्यातून गाडीमालकाने सोसायचे सक्तीचे १,००० गेले, की हातात ८,४०० येतात.

आता बंपर उतरवला आणि मागचा लोखंडी बार वाकलेला निघाला. तो ७,००० चा, म्हणजे घसारा जाऊन आणखी ५,९५० रुपये. हा बार कुठल्याच फोटोत नव्हता. प्लास्टिकचा बंपर दाबला जाऊन पुन्हा जागेवर येतो, त्यामुळे आतला मार बाहेरून कळतच नाही. मुरलेला सर्व्हेअर बॉनेट आणि फेंडरमधली फट वाकडी झालीय का ते पाहतो आणि गाडी उघडायला लावतो. म्हणून ॲपवर ८,४०० ला मान्यता देण्याआधी गॅरेजमध्ये बंपर उतरवून फोटो काढावेत आणि वाढीव अंदाजपत्रक पाठवावं. एकदा पूर्ण आणि अंतिम म्हणून सही केली, की नंतर भांडणं फार अवघड जातं.

मला याहून जास्त काळजी वाटते ती मॉडेल शिकतं कशावरून, याची. पुष्कळदा त्याला शिकवताना ‘बरोबर उत्तर’ म्हणून जुन्या क्लेममध्ये मंजूर झालेली रक्कम दिली जाते. नुकसान १४ हजारांचं होतं आणि मालकाने मुकाट्याने ८ हजार घेतले, तर मॉडेलच्या लेखी नुकसान ८ हजारांचंच. ज्या वस्तीत लोक तक्रार करत नाहीत, तिथली काटछाट अशीच पुढच्या क्लेममध्ये उतरते.

हप्त्याचं गणितही असंच जुन्या नोंदींवर चालतं. थर्ड पार्टीचा हप्ता सरकारी दराने ठरतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता २००७ पासून खुला आहे. कंपनी गाडीचं मॉडेल, वय, आधीचे क्लेम आणि पत्ता यांवरून जोखमीचा गुणांक काढू शकते. त्या तक्त्यात धर्म किंवा जातीचा रकाना नसला म्हणून निश्चिंत होता येत नाही. आपल्या शहरांत कोण कुठे राहतं हे ठरीव असतं, त्यामुळे पिनकोड तीच माहिती आडून सांगतो.

अमेरिकेत २०१७ मध्ये प्रोपब्लिका ही शोधपत्रकारिता करणारी संस्था आणि कन्झ्युमर रिपोर्ट्स ही ग्राहक संस्था यांनी चार राज्यांतले वाहन विम्याचे हप्ते तपासले. त्या त्या भागात कंपन्यांना क्लेमपोटी सरासरी किती खर्च येतो, याच्याशी त्यांनी हप्ते ताडून पाहिले. खर्च सारखाच असूनही अल्पसंख्याकबहुल भागांत काही कंपन्यांचे हप्ते सरासरी ३० टक्क्यांनी जास्त निघाले. जोखीम जास्त म्हणून हप्ता जास्त, हा युक्तिवाद तिथे टिकत नव्हता.

हीच तपासणी आपल्याकडेही करता येईल. समजा, एका भागातून गोळा केलेल्या दर १०० रुपयांतले ७० क्लेमपोटी परत जातात आणि दुसऱ्या भागात ५० च. दुसऱ्या भागालाही पहिल्याचंच प्रमाण लावलं, तर तिथला रास्त हप्ता सुमारे ७१ रुपये येतो. म्हणजे दर शंभरामागे २९ रुपये जास्तीचे. हे अंतर फुगवलेल्या हप्त्याने पडतं तसंच छाटलेल्या क्लेमनेही पडतं, त्यामुळे फोटोच्या मॉडेलची चूकही याच आकड्यात सापडते. मात्र पॉलिसी एकाच प्रकारच्या हव्यात आणि आकडे काही वर्षांचे हवेत. २६ जुलै २००५ सारखा एक पाऊस एखाद्या भागाचं वर्षाचं प्रमाण उलटंपालटं करून टाकतो.

हे आकडे कंपन्यांकडे असतातच. विमा नियामकाने ते पिनकोडनिहाय जाहीर करायला लावावेत, असं माझं ठाम मत आहे. तोवर ज्याचा क्लेम छाटला गेला, त्याने कपातीचं कारण लेखी मागावं, सर्व्हेअर आला असेल तर त्याच्या अहवालाची प्रत घ्यावी आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.