लाल गालांच्या तापामागचा विषाणू: पार्श्वभूमी

डिचोली किंवा फोंड्यातील एखाद्या बालवाडीत मुलाचे दोन्ही गाल थप्पड बसल्यासारखे लाल दिसले, की पहिला संशय उन्हावर जातो, आणि सावळ्या त्वचेवर तर ही लाली चटकन लक्षातही येत नाही. मुलांच्या पुरळ उठणाऱ्या आजारांच्या जुन्या यादीत हा पाचवा, म्हणून वैद्यकात त्याला ‘पाचवा रोग’ असेही म्हणतात. एकोणिसाव्या शतकात त्याचे वर्णन झाले होते. कारण मात्र 1980 च्या दशकापर्यंत अज्ञात होते.

विषाणू त्याआधीच हाती लागला होता, तोही अपघाताने. 1975 मध्ये लंडनमध्ये य्वोन कोसार्ट आणि त्यांचे सहकारी रक्तात हेपटायटिस बी शोधत असताना ‘बी’ मालिकेतील एकोणिसाव्या नमुन्यात तो आढळला, म्हणून त्याचे नाव पार्व्होव्हायरस बी-19. तो नेमका कोणता आजार घडवतो, हे मात्र तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते.

पहिले उत्तर 1981 मध्ये सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराने ग्रस्त मुलांकडून मिळाले. हा विषाणू अस्थिमज्जेतील तांबड्या पेशींच्या पूर्वपेशी नष्ट करतो आणि आठवडाभर नवीन पेशी तयार होत नाहीत. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगत असल्याने हा खंड त्याला जाणवतही नाही. सिकलसेलमध्ये तीच पेशी 15 दिवस जगते असे धरले, तर सात दिवसांत जवळजवळ निम्म्या पेशी संपतात, म्हणजे 8 ग्रॅमवर असलेले हिमोग्लोबिन 4 च्या आसपास उतरते आणि रक्त चढवावे लागते. खूण अशी, की मूल एकाएकी फिकट पडते आणि एरवी वाढलेल्या रेटिक्युलोसाइट, म्हणजे कोवळ्या तांबड्या पेशी, तपासणीत जवळपास नाहीशा झालेल्या असतात.

लाल गालांशी संबंध 1983 मध्ये जुळला, तर 1984 मध्ये गर्भाला होणारी हानी नोंदवली गेली. गर्भाच्या तांबड्या पेशीही अल्पायुषी असतात आणि त्यांची गरज झपाट्याने वाढत असते. त्यामुळे तीव्र रक्तक्षय होऊन हृदय थकते, अंगात पाणी साचते आणि गर्भ दगावूही शकतो. बहुतेक गर्भधारणा सुखरूप पार पडतात; धोका मुख्यतः पहिल्या 20 आठवड्यांतील संसर्गात असतो.

1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वयंसेवकांवरील प्रयोगाने सर्वांत अडचणीची गोष्ट उघड केली: विषाणू आठवडाभरात रक्तात व घशात आढळला, पुरळ मात्र तिसऱ्या आठवड्यात उठले. म्हणजे गाल लाल होतात तेव्हा संसर्ग पसरवण्याचा काळ सहसा सरलेला असतो, आणि त्या मुलाला घरी ठेवून फारसे काही साधत नाही. बालवाडीतील चौदा आठवड्यांच्या गरोदर बाईंचा संपर्क आधीच होऊन गेलेला असतो. त्यांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची आयजीजी व आयजीएम ही प्रतिपिंडे आहेत का, हे तपासावे लागते. फक्त आयजीजी असेल तर सहसा जुनी प्रतिकारशक्ती असते. दोन्ही नसतील तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे लागते. नवा संसर्ग ठरला तर पुढचे 8 ते 12 आठवडे सोनोग्राफीत गर्भाच्या मेंदूतील रक्तवाहिनीतील प्रवाहाचा वेग पाहिला जातो. रक्तक्षयात रक्त पातळ होऊन तो वेग वाढतो, आणि तीव्र रक्तक्षय असल्यास गर्भाला नाळेतून रक्त देता येते. लस अजून उपलब्ध नाही.