वर्दी आहे, माणूस नाही: पहिल्या महायुद्धातलं एक भरतीचं पोस्टर

इतिहासाच्या तासाला दापोलीच्या मुलांपुढे मी एक चित्र ठेवतो. पहिल्या महायुद्धाच्या काळातलं, उर्दूत छापलेलं भरतीचं पोस्टर. त्यात लष्करी वर्दी आहे, बंदूक आहे, रुपये आहेत. मजकुराचा अर्थ साधारण असा: हे रुपये, ही बंदूक, ही वर्दी कोण घेणार? जो ताबडतोब भरती होईल तो.

मुलांचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘सर, यात पैशाचं आमिष आहे.’ बरोबर आहे, पण तेवढ्यावर थांबलं तर चित्र वाचायचं राहूनच जातं.

आधी भाषा बघायची. उर्दू मजकूर म्हणजे रोख मुख्यतः उत्तरेकडे, पंजाबाकडे. हे पोस्टर रत्नागिरीच्या बंदरावर लागलं होतं असं समजून निबंध लिहिणारे दरवर्षी दोघेतिघे निघतात. चित्र भारतातलं आहे म्हणून ते आपल्या गावचं होत नाही. शिवाय 1911 च्या जनगणनेत देशातले जेमतेम सहा टक्के लोक साक्षर होते. म्हणजे मजकूर कोणीतरी वाचून दाखवायचा, आणि नाणं नि बंदूक मात्र वाचता न येणाऱ्यालाही कळायची. वस्तू एवढ्या ठळक का काढल्या, याचं एक कारण तिथे सापडतं.

मग हे कुणाला हवं होतं ते विचारायचं. ब्रिटनमध्ये जानेवारी 1916 पर्यंत सक्तीची भरती नव्हती, म्हणून भिंती बोलक्या कराव्या लागल्या. आल्फ्रेड लीटने 1914 मध्ये काढलेला, बोट रोखलेला ब्रिटनचा युद्धमंत्री किचनर सगळ्यांना माहीत आहे. मुलीने बापाला ‘युद्धात तुम्ही काय केलंत?’ असं विचारणारं पोस्टर 1915 चं. तिथे माणसाच्या लाजेला हात घातलाय. आपल्या उर्दू पोस्टरात कोणी डोळ्याला डोळा भिडवत नाही. मोबदल्याच्या वस्तू मांडून ठेवल्यात. समोरचा माणूस कशाने हलेल याबद्दल सरकारची समजूत काय होती, ते या फरकात दिसतं. पूर्वग्रह असा न बोललेल्या गृहीतकात बसलेला असतो. पण एका चित्रावरून सगळ्यांचा निवाडा करू नये: ‘हा शिपाई हिंदुस्थानचं, आपल्या घरादाराचं रक्षण करतोय’ असं सांगणारं पोस्टरही त्याच सरकारने काढलं होतं.

  

आता चित्रात काय नाही ते. हे सर्वांत अवघड, कारण त्यासाठी चित्राबाहेरचं ठाऊक असावं लागतं. रुपये आहेत, पण पायदळातल्या शिपायाचा पगार महिना 11 रुपये होता, हे त्यात नाही. मेसोपोटेमिया, म्हणजे आजच्या इराकमधली रणभूमी, त्यात नाही. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. 29 एप्रिल 1916 ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली आणि कैद्यांतले कित्येक परतलेच नाहीत.

आणि वर्दीच्या आत माणूस नाही. चित्रकाराच्या दृष्टीने ही युक्ती असेल, बघणाऱ्याने त्या जागी स्वतःला ठेवावं. पण ‘कोण घेणार?’ हा प्रश्न खरंच सगळ्यांना होता का? इथे दापोलीचा इतिहास कामाला येतो. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर इथेच राहत. 1890 च्या दशकात ठरावीक जातीच लढाऊ असतात असा सिद्धान्त पुढे करून महारांची भरती बंद झाली, तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून त्यांनी सरकारला अर्ज लिहिला. मागणी मान्य झाली नाही. म्हणजे वर्दी घ्यायला माणसं तयार होती, सरकारच देत नव्हतं. पोस्टर आणि अर्ज शेजारी ठेवले की मुलं गप्प होतात.

पोस्टर खोटं म्हणून फेकून द्यायचं नसतं. सरकारला काय हवं होतं, याचा तो पक्का पुरावा आहे. ते पाहून किती जण भरती झाले, हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी भरतीच्या नोंदी, पत्रं, घरची परिस्थिती बघावी लागते. कोकणात तुटपुंजी जमीन आणि खोताचा वाटा यांनीही माणसं पलटणीकडे ढकलली.

माणसं कमी पडू लागल्यावर 1917 मध्ये ‘111 महार’ ही पलटण उभी राहिली. लढाई संपली, आणि 1921 मध्ये ती मोडण्यात आली.