उंधा बदला गेला, त्याचं भाडं राहिलं

पुण्यात कुणी 'मी शॉर्ट केलंय' म्हणाला, तर त्याने नेमकं काय केलंय हे विचारून घ्यावं लागतं. सकाळी विकून दुपारी परत घेतले, तरी शॉर्टच. महिन्याचा वायदा विकला, तरी शॉर्टच. आणि शेअर उसने घेऊन खरोखर डिलिव्हरी देऊन विकले, तरीही शॉर्टच. तिन्हींत भाव पडण्यावर पैसे लावलेले असतात, पण शेअर कुणाचा आणि त्याचं भाडं कोण कुणाला देतो, हे तिन्हींत वेगळं आहे. हा गोंधळ आजचा नाही. तो बदल्याच्या काळापासून चालत आला आहे.

पुण्याचा स्वतःचा शेअर बाजार होता, 1982 पासून. सदाशिव पेठेत, कुमठेकर रस्त्यावर. पण मंदीचा खरा खेळ मुंबईच्या बाजारात चाले आणि इथली मंडळी तिकडच्या दलालांमार्फत तो खेळत. बदला म्हणजे काय हे त्या पिढीला सांगावं लागत नाही. सौदापूर्तीची मुदत संपली की पैसे किंवा शेअर देण्याऐवजी व्यवहार पुढच्या मुदतीत ढकलायचा. ढकलण्याची किंमत शनिवारच्या बदल्याच्या सत्रात ठरे. बहुतेक वेळा तेजीवाले जास्त असत, त्यांना पैसे हवे असत, म्हणून ते व्याज देत. मंदीवाल्याला त्यातून उलट चार पैसे मिळत. शॉर्ट करून वर व्याज, अशी ती चैन होती.

पण कधीकधी एखाद्या शेअरमध्ये मंदीवाल्यांची गर्दी व्हायची. विकलेले शेअर देण्यासाठी कुणाकडे तरी असायला हवेत, आणि ज्यांच्याकडे असत ते हात आखडता घेत. मग गणित उलटं फिरे. मंदीवाला शेअरवाल्याला भाडं देई. गुजरातीतून आलेला 'उंधा बदला' हा शब्द याच भाड्यासाठी होता. शनिवारी उंधा बदला चढला की सोमवारी त्या शेअरमध्ये काय होणार, हे जुन्या दलालांना कळे: मंदीवाल्यांची कोंडी सुरू झाली. भाड्याचा आकडा ही कोंडीची पहिली खूण असे, भाव नंतर हले.

डिसेंबर 1993 मध्ये बदला बंद झाला, 1996 मध्ये सुधारून परत आला, आणि 2 जुलै 2001 ला कायमचा गेला. त्याआधी, मार्च 2001 मध्ये, नियामकाने शॉर्ट विक्रीवरच बंदी घातली. या निर्णयावर अजून वाद होतो आणि माझं मत लपवण्यात अर्थ नाही. त्या वर्षीची घसरण झाली ती तंत्रज्ञान-माध्यम शेअर्समध्ये उसन्या पैशावर उभारलेल्या तेजीमुळे. बँकांचे पैसे अडकले ते तेजीवाल्याकडे. पण बाजार पडत असताना बोट दाखवायला मंदीवाले सोपे पडतात. त्यातच मुंबईच्या बाजाराच्या अध्यक्षांनी देखरेख विभागाकडून माहिती मागवल्याचा आरोप झाला, त्यांना पद सोडावं लागलं, आणि मंदीवाल्यांच्या टोळीची गोष्ट सगळ्यांना पटली. बंदीची बाजू घेणारे म्हणतात की त्यावेळी शेअर उसने मिळण्याची धड सोय नव्हती, तेव्हा शेअर हाती नसताना केलेली पोकळ विक्री थांबवणं बरोबरच होतं. हा मुद्दा खोटा नाही. पण मग सोय आधी उभारायला हवी होती. बदला गेला तेव्हा तेजीवाल्याला पैसे मिळण्याचे दुसरे मार्ग होते, मंदीवाल्याला शेअर मिळण्याचा चालू मार्ग मात्र त्याच्याबरोबर बंद झाला.

नोव्हेंबर 2001 मध्ये एकेका शेअरचे वायदे सुरू झाले आणि मंदीवाले तिकडे सरकले. शेअर उसने देण्याघेण्याची बाजारामार्फतची नवी योजना उगवली ती थेट एप्रिल 2008 मध्ये, आणि मुदत ठेवली 7 दिवसांची. सात दिवसांत कोणत्या कंपनीचं पितळ उघडं पडतं? सुरुवातीला तिकडे फारसं कुणी फिरकलं नाही. त्याच वर्षी मुदत 30 दिवस केली, 2010 मध्ये 12 महिने. पोकळ विक्री आजही चालत नाही: विकलेला शेअर द्यावाच लागतो. संस्थांनी ऑर्डर टाकतानाच शॉर्ट आहे हे सांगायचं, किरकोळ गुंतवणूकदाराने दिवसअखेर.

आता माझा मुद्दा. उंधा बदला 2001 मध्ये संपला असं आपण म्हणतो. संपला तो शब्द. 400 रुपयांचा एक शेअर धरा, जो उसना मिळायला अवघड आहे. उसनवारीच्या खिडकीत महिन्याची फी शेअरमागे 6 रुपये दिसते. त्याच वेळी त्याचा वायदा 394 ला चालू असतो. हे दोन आकडे जवळपास सारखे येणं हा योगायोग नाही. 394 ला वायदा विकणारा मुदतीच्या दिवशी 400 च्या रोख भावाला भेटणार असतो, म्हणजे भाव हललाच नाही तरी 6 रुपये गेले. एरवी वायदा रोखीपेक्षा थोडा वर असतो आणि विकणाऱ्याला व्याजासारखं काही मिळतं. वायदा रोखीच्या खाली गेला की उंधा बदला चालू झाला असं समजावं. मधल्या काळात लाभांश येणार असेल तर तेवढी रक्कम आधी वजा करावी, नाहीतर साध्या लाभांशाला कोंडी समजून बसाल.

हाच सौदा आता उसन्या शेअरवर करून पाहू. 500 शेअर 400 ला विकले, म्हणजे 2 लाख. फी 6 च्या दराने 3,000 रुपये, महिन्याला दीड टक्का. मधे 4 रुपये लाभांश जाहीर झाला तर तो ज्याचा शेअर आहे त्याला तुम्ही भरून द्यायचा: आणखी 2,000. भाव 372 ला आला, पेढे वाटण्याजोगी 28 रुपयांची घसरण, 14,000 रुपये. हातात उरले 9,000, दलाली आणि कर वेगळे. म्हणजे अंदाज बरोबर येऊनही तिसऱ्या भागाहून जास्त कमाई भाड्यात आणि लाभांशात गेली. आणि भाव महिनाभर जागीच राहिला, तुम्हाला मुदत वाढवायची आहे, आणि खिडकीत आता फी 14 रुपये दिसते आहे, तर दुसऱ्या महिन्याचे 7,000. भाव हललेला नसताना भाडं दुपटीहून वर गेलं, याचा अर्थ तुमच्यासारखेच बरेच जण त्याच दाराशी उभे आहेत. जुने दलाल शनिवारी वाचायचे तीच ही खूण.

कोंडी किती वेगाने होते हे जगाने ऑक्टोबर 2008 मध्ये पाहिलं. चाकणला कारखाना असलेल्या फोक्सवॅगन या जर्मन मोटार कंपनीचा शेअर 200 युरोच्या आसपास होता. एका रविवारी पोर्शे या दुसऱ्या मोटार कंपनीने जाहीर केलं की थेट शेअर आणि ऑप्शन धरून आपल्याकडे सुमारे 74 टक्के आहेत. 20 टक्के तिथल्या एका प्रांत सरकारकडे होते. म्हणजे बाजारात फिरायला 6 टक्क्यांहून कमी उरले, आणि शॉर्ट केलेले होते सुमारे 12 टक्के. दोन दिवसांत भाव 1,000 युरोच्या वर गेला. म्हणून शॉर्ट करण्याआधी प्रवर्तकांचा वाटा काढून खरोखर फिरणारे शेअर किती, हे पाहायचं. आपल्याकडे प्रवर्तकांकडे 70 टक्क्यांहून जास्त असलेल्या कंपन्या काही कमी नाहीत.

दिवसभरातल्या शॉर्टला भाडं नसतं, पण तिथली कोंडी वेगळीच. शेअरला 10 टक्क्यांचा पट्टा आहे, कालचा बंद भाव 180, तुम्ही 180 लाच 200 शेअर विकले आणि दुपारी अडीचला तो 198 ला वरच्या सर्किटला अडकला. घेणाऱ्यांची रांग, विकणारा एकही नाही. तोटा थांबवायला स्टॉपलॉस लावलेला होता, तोही त्याच रांगेत उभा. संध्याकाळपर्यंत सुटला नाही तर देणं अंगावर येतं, दुसऱ्या दिवशी बाजार ते शेअर लिलावात शोधतो. लिलावातही मिळाले नाहीत, तर सौद्याच्या दिवसापासून लिलावाच्या दिवसापर्यंतचा सर्वात वरचा भाव, किंवा लिलावाच्या दिवशीच्या बंद भावावर 20 टक्के, यांतला जो मोठा तो लावून हिशेब मिटवतात. दुसऱ्या दिवशी बंद भाव 217 आला तर 260 रुपये 40 पैसे. शेअरमागे 80 रुपये 40 पैसे, 200 शेअरवर 16,080. 36,000 च्या विक्रीवर.

म्हणून 'स्टॉप पक्का ठेवतो' या वाक्यावर माझा विश्वास नाही. भावाचा स्टॉप पक्का असूच शकत नाही, पक्की असू शकते ती संख्या. वरच्याच 400 च्या शेअरवर 432 चा स्टॉप धरला तर दिसायला तोटा 32 चा, भाड्यासकट 38 चा. 10 लाखांच्या भांडवलावर एका सौद्यात 10,000 पर्यंत तोटा चालेल असं ठरवलं तर 263 शेअर येतात. आता दुसरा प्रश्न: निकाल लागून सकाळी 20 टक्के वरच उघडला तर? 80 अधिक 6, शेअरमागे 86. अशा दिवशी 20,000 च्या पुढे जायचं नाही असं ठरलं असेल तर 232 च शेअर. दोन्हींतला लहान आकडा घ्यायचा. 500 शेअर घेऊन बसलेल्याचा अशा सकाळी 43,000 चा तोटा होतो, स्टॉप 432 ला ठरवलेला असूनही.

तो स्टॉप कसा निसटतो तेही पाहा. `SL` ऑर्डरमध्ये ट्रिगर 432 आणि मर्यादा 434 टाकली. दुपारी बातमी आली आणि शेअर एका उडीत 460 ला गेला. ट्रिगर लागला, पण तुमची खरेदीची ऑर्डर 434 ला बसली आणि बाजार 460 ला, ती तशीच पडून राहिली. मर्यादा न टाकता `SL-M` लावली असती तर 460 च्या आसपास सुटका झाली असती, भाव वाईट पण पाय बाहेर. शिवाय ही ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते. उघडण्यापूर्वीच्या सत्रात ती घेतली जात नाही, तेव्हा महिनाभराच्या शॉर्टवर ती रोज नव्याने टाकावी लागते, सव्वानऊनंतर. पहिला भाव त्याआधीच ठरलेला असतो.

वायद्यावाल्यांनाही 2018-19 पासून शेअर आणून देण्याची कटकट टाळता येत नाही. पूर्वी मुदतीला पैशांत हिशेब मिटत असे, आता शेअरची डिलिव्हरी द्यावी लागते. शेवटच्या दिवशी शॉर्ट उघडा राहिला तर शेअर आणायचे कुठून हा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि मुदतीच्या आठवड्यात काही शेअर्सच्या खिडकीत फी चढलेली दिसते. माझ्या ओळखीचे एक जुने दलाल, आता निवृत्त, नातवाच्या मोबाईलवर ती फी बघतात आणि विचारतात, "आज उंधा किती?"